नोकरी गेली, हप्ता चालू आहे: बँकेसमोर काय घेऊन जायचं

"ताई, मी 41 वर्षांचा, कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला 14 वर्षं होतो, हातात 34 हजार यायचे, बेसिक 13 हजार. दोन महिन्यांपूर्वी ऑर्डर नाहीत म्हणून आम्हा 11 जणांना केबिनमध्ये बोलावलं आणि 'वैयक्तिक कारणास्तव' असा राजीनामा लिहून घेतला. होमलोन 16 लाख शिल्लक, व्याज 9 टक्के, 11 वर्षं राहिलीत, हप्ता 19,137 रुपये, दर 5 तारखेला. पतसंस्थेचं 1 लाख 20 हजाराचं कर्ज आहे 14 टक्क्यांनी, हप्ता 5 हजार, मेव्हणा आणि एक मित्र जामीनदार. बायकोला ट्यूशनचे 9 हजार मिळतात, मी एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये अधूनमधून तपासणीला जातो त्याचे 7 हजार. खात्यात 40 हजार आहेत, ग्रॅच्युइटी अजून आली नाही. आत्तापर्यंत एकही हप्ता चुकवला नाही. आता बायकोच्या पाटल्या गुजरीत नेऊन गोल्ड लोन काढायचं ठरतंय, कारण बँकेला सांगितलं तर खातं एनपीए म्हणजे बुडीत कर्जात टाकतील आणि घरावर नोटीस येईल अशी भीती वाटते. मित्र म्हणतो कोरोनात हप्ते थांबवायला दिला तसा मोरॅटोरियम हक्कानं माग. काय करू, आणि मागायचं तर कागदं कुठली द्यायची?"

दादा, पाटल्या आधी कपाटात परत ठेवा, निदान अजून पंधरा दिवस. सोनं गहाण टाकणं वाईट असं मी म्हणत नाही, आपल्याकडं सोनं असतंच अडीनडीला, पण हप्ता भरण्यासाठी दुसरं कर्ज काढलं की ते क्रेडिट रिपोर्टवर दिसतं, आणि मग तुम्ही बँकेत जाऊन 'माझी परत करायची ऐपत कमी झालीय' असं सांगाल तेव्हा समोरचा विचारणार की गेल्याच महिन्यात नवीन कर्ज घेतलंत ते कशाच्या जोरावर. मी 22 वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात होते, हा प्रश्न मी स्वतः कितीतरी लोकांना विचारलाय, आणि बहुतेकांकडं त्याचं उत्तर नसायचं. म्हणून आधी कागदं, मग बँक, आणि सोन्याचं त्यानंतर बघू.

तुमच्या भीतीतला अर्धा भाग चुकीचा आहे आणि अर्धा बरोबर, दोन्ही नीट सांगते. सांगितलं म्हणून कुणाचं खातं एनपीए होत नाही, ते होतं दिवस मोजून. समजा 5 जुलैचा हप्ता आला नाही, तर त्याच रात्री कॉम्प्युटरमध्ये खातं थकीत दिसायला लागतं, 4 ऑगस्टला 30 दिवस भरतात, 3 सप्टेंबरला 60, आणि 3 ऑक्टोबरला 90 दिवस झाले की खातं एनपीए. ह्यात मॅनेजरचा राग किंवा लोभ काही चालत नाही, सिस्टिम आपोआप करते. आणि एकदा का खातं तिथं गेलं की थोडे थोडे पैसे भरून ते परत चांगलं होत नाही, सगळी थकबाकी पूर्ण भरल्याशिवाय ते वर येत नाही. म्हणजे तुमच्या हातात जे काही आहे ते त्या 90 दिवसांच्या आत आहे, आणि त्यातही पहिला हप्ता चुकायच्या आधी तुमच्या शब्दाला जितकं वजन आहे तितकं नंतर कधीच नसणार. अजून एकही हप्ता चुकला नाही हे तुम्ही लिहिलंय ना, तो तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

आता बरोबर असलेला अर्धा भाग. कर्जदार आर्थिक अडचणीत आहे म्हणून बँकेनं हप्ता कमी केला, मुदत वाढवली किंवा काही महिने मुद्दल थांबवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमात त्याला पुनर्रचना म्हणतात, आणि अशा खात्याचं वर्गीकरण साधारणपणे लगेच खाली, म्हणजे एनपीएत, जातं, बँकेला त्यापोटी जास्त रक्कम बाजूला काढून ठेवावी लागते. क्रेडिट रिपोर्टवरही 'रिस्ट्रक्चर्ड' अशी नोंद येऊ शकते, त्यामुळं पुढची काही वर्षं नवीन कर्ज अवघड जाईल. मॅनेजर तोंड वाकडं करतो त्याचं एक कारण हे आहे, त्यालाही ते वर उत्तर द्यावं लागतं. पण वर्गीकरण खाली गेलं म्हणजे दुसऱ्या दिवशी घरावर नोटीस असं नसतं. नवीन शेड्यूलप्रमाणे तुम्ही भरत राहिलात तर वसुलीला कारणच उरत नाही. घराच्या बाबतीत, थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घ्यायचा जो सरफेसी कायदा आहे, त्याची पहिली नोटीस सुद्धा 60 दिवसांची असते आणि त्यावर तुम्ही लेखी म्हणणं दिलं तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणूनच तर आत्ता हालचाल करायचीय.

मित्राला सांगा की कोरोनातला मोरॅटोरियम मार्च ते ऑगस्ट 2020 ह्या सहा महिन्यांपुरता होता, त्यानंतर ऑगस्ट 2020 आणि मे 2021 ला पुनर्रचनेच्या ज्या खास सवलती आल्या त्यांच्याही तारखा कधीच संपल्या. आज तसा हक्क कुणाला नाही, बँकेच्या स्वतःच्या पॉलिसीत बसलं तर मिळतं, म्हणून भाषा विनंतीची ठेवा. आणि खरं सांगू का, पूर्ण मोरॅटोरियम तुम्ही मागूच नये असं मला वाटतं, त्याचा हिशोब बघा.

16 लाखावर 9 टक्क्यानं महिन्याचं व्याजच 12,000 होतं. तुमच्या 19,137 च्या हप्त्यात आज मुद्दल फक्त 7,137 आहे. आता सहा महिने काहीच भरलं नाही तर व्याज मुद्दलात चढत जातं, शिल्लक 16 लाखाची 16 लाख 73 हजार होते, आणि नंतर तोच हप्ता ठेवला तर 132 च्या जागी जवळपास 143 हप्ते भरावे लागतात. सहा महिन्यांच्या विश्रांतीची किंमत दोन लाखांच्या वर. त्याऐवजी सहा महिने फक्त व्याज भरलं, दरमहा 12,000, तर शिल्लक 16 लाखावरच थांबते, नंतरचे 132 हप्ते तसेच राहतात, जास्तीचा भार 72 हजार. बँकेच्याही दृष्टीनं व्याज येत असलेलं खातं आणि काहीच येत नसलेलं खातं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळं ही मागणी मंजूर व्हायची शक्यताही जास्त.

बरेच जण नुसती मुदत वाढवून मागतात, तुम्हालाही कुणीतरी सांगेल. 11 वर्षांची 15 वर्षं केली तर हप्ता 16,228 होतो, म्हणजे वाचले महिन्याला 2,900. पगारच नसलेल्या माणसाला त्यानं काय होणार? मुदतवाढ उपयोगी पडते ती नवीन नोकरी लागल्यावर, पगार आधीपेक्षा कमी असेल तेव्हा. गोकुळ शिरगाव किंवा कागलला तुम्हाला समजा 26 हजारावर जॉइन व्हावं लागलं तर 19 हजाराचा हप्ता झेपणार नाही, 16 हजाराचाही घट्टच होईल पण बायकोच्या कमाईवर निभेल. म्हणून अर्जात दोन टप्पे मागा: पहिले सहा महिने फक्त व्याज, आणि त्यानंतर 15 वर्षांच्या मुदतीनं नवीन हप्ता. तुमचं वय 41 आहे, कर्ज साठीच्या आत संपतं, त्यामुळं वयाची अडचण यायला नको. मुदत वाढली की एकूण व्याज पावणेचार-चार लाखानं वाढतं हेही डोक्यात असू द्या, पण फ्लोटिंग रेटच्या घरकर्जाला लवकर फेडल्याचा दंड लागत नाही, पगार वाढला की हप्ता परत वाढवून घ्या.

मुळात मागायचं का, हेही एकदा तपासू. तुमच्याकडं 40 हजार आहेत आणि ग्रॅच्युइटी यायचीय. ती किती? बेसिक 13 हजार, त्याचे 15 भागिले 26 म्हणजे 7,500, गुणिले 14 वर्षं, 1 लाख 5 हजार. डीए वेगळा असेल तर थोडी जास्त. 5 वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिला असला तरी ही मिळते, आणि 30 दिवसांत द्यायची असते, तुमचे दोन महिने झालेत, म्हणजे कंपनीला आजच लेखी मागा. आता एकूण 1 लाख 45 हजार धरा. होमलोनचे पूर्ण हप्ते सहा महिने भरले तर 1 लाख 15 हजार गेले, पतसंस्थेचे 30 हजार, घरखर्च 17 हजार धरला तर 16 हजाराच्या कमाईत दरमहा हजारभर कमी पडतील ते वेगळे, सहाव्या महिन्यातच डबा रिकामा. व्याजापुरतंच भरलं तर बँकेचे 72 हजार, पतसंस्थेला महिन्याचं व्याज 1,400 प्रमाणं 8,400, घरखर्चाची तूट 6 हजार, मिळून 86 हजार, आणि सहा महिन्यांनी हातात 58 हजार शिल्लक. त्यामुळं माझं मत असं, की येत्या महिन्या-दोन महिन्यांत जॉइनिंग नक्की असेल, म्हणजे हातात लेटर असेल, नुसतं 'बघू, कळवतो' नाही, तर बँकेकडं काही मागू नका, साठवणीतून पूर्ण हप्ते भरा आणि रेकॉर्ड स्वच्छ ठेवा. तसं काही नसेल तर पैसे असतानाच मागा. डबा रिकामा झाल्यावर गेलात तर व्याज भरायचीही ऑफर तुम्हाला देता येणार नाही, आणि तेव्हा मग पाटल्याच राहतात.

आता कागदं, तुमचा खरा प्रश्न. एक माणूस मला अजून आठवतो, एवढी मोठी पिशवी घेऊन आला होता, आईच्या हॉस्पिटलची फाईल, मुलांच्या मार्कलिस्ट, नगरसेवकाचं पत्र, आणि अर्ज तीन पानी, वाचताना माझ्याच डोळ्यात पाणी आलं. पण पगार कधी थांबला, आत्ता घरात किती येतं, पुढं किती भरणार, ह्यातलं एकही त्यात नव्हतं. मला वरच्या ऑफिसला नोट पाठवायची होती आणि त्या नोटमध्ये लिहायला माझ्याकडं काहीच नव्हतं, परत आणा म्हणून सांगितलं, तो बिचारा चिडून गेला तो दीड महिना आलाच नाही, आणि तोवर दिवस उलटले होते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, शाखेतला माणूस तुमच्यासाठी निर्णय घेत नाही, तो वर एक नोट लिहितो. त्या नोटमध्ये चार गोष्टी लागतात: कमाई कधी आणि का बुडाली, आत्ता काय येतं-जातं, कर्जदार आत्ता किती भरू शकतो, आणि पूर्ण हप्ता कधीपासून व कशाच्या आधारावर भरेल. तुमचा प्रत्येक कागद ह्या चारपैकी एकाला चिकटला पाहिजे, जो चिकटत नाही तो घरी ठेवा.

पहिल्या गोष्टीतच तुमची गोची आहे, तो 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा. बँक वाचणार की माणसानं स्वतःहून नोकरी सोडली, मग अडचण कसली. होमलोनबरोबर एखादी विमा पॉलिसी घेतली असेल आणि त्यात नोकरी गेल्याचं कव्हर असेल तर ती काढून वाचा, पण अशा कव्हरमध्ये बहुतेक वेळा स्वतः दिलेला राजीनामा चालत नाही, म्हणूनच हे कागदावर सरळ होणं महत्त्वाचं. कंपनीच्या एचआरला एक साधा, भांडण नसलेला ईमेल करा: 'अमुक तारखेला ऑर्डर कमी असल्यामुळे माझ्यासह 11 जणांना राजीनामा देण्यास सांगण्यात आले, बँकेत देण्यासाठी याबाबत पत्र मिळावे, तसेच फुल अँड फायनलचा हिशोब आणि ग्रॅच्युइटी मिळावी.' पत्र दिलं तर उत्तम. नाही दिलं तरी तो ईमेल तारखेसकट तुमच्याकडं राहतो, आणि त्यांनी त्यावर 'ग्रॅच्युइटी प्रोसेसमध्ये आहे' एवढंच उत्तर दिलं आणि तुमचं वाक्य खोडून काढलं नाही तरी ते कामाला येतं. त्या दिवशी एचआरनं बोलावल्याचा व्हॉट्सअॅप मेसेज असेल तर प्रिंट काढा. फुल अँड फायनलच्या कागदावर नोटीस पे दिला असेल तर त्यावर पेन्सिलनं खूण करा, कारण मनानं सोडून जाणाऱ्याला कंपनी सहसा नोटीस पे देत नाही, तो माणूसच भरतो. बाकीच्या दहा जणांपैकी दोघा-तिघांचे राजीनामे त्याच तारखेचे आणि त्याच मजकुराचे असतील, ते द्यायला तयार असतील तर त्यांच्या झेरॉक्सही जोडा, एकाच दिवशी 11 लोकांना एकच वैयक्तिक कारण होत नाही हे कुणालाही समजतं.

एक मात्र करू नका. कंपनीच्या लेटरहेडवर 'कामावरून कमी केले' असं पत्र कुठंतरी बनवून मिळतं, लोक घेतात. बँक एचआरला फोन करते दादा, आणि तो फोन लागला की तुमची बाकीची खरी कागदंही खोटी ठरतात.

पगार थांबल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र कंपनीकडं नसतोच, तो तुमच्या पासबुकात असतो. पगार जमा व्हायचा त्या खात्याचं निदान सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, शेवटचे पगार मार्करनं रंगवा, आणि ज्या महिन्यापासून ते थांबले तिथं रेघ मारा. त्याला शेवटच्या तीन सॅलरी स्लिप जोडा, आणि पीएफचं पासबुक, ज्यात शेवटचं योगदान कुठल्या महिन्याचं आहे ते दिसतं, नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं पोर्टलवर टाकली असेल तर त्या पानाची प्रिंटही. ह्यात कुणाचं म्हणणं काही नाही, नुसत्या तारखा आहेत, आणि त्या एकमेकांशी जुळतात. जुळत नसतील तर आधी कंपनीकडून दुरुस्त करून घ्या, तारखेत महिन्याचा घोळ असेल तर नोट तिथंच अडकते.

ते स्टेटमेंट समोरचा दुसऱ्या कारणासाठीही वाचतो हे लक्षात ठेवा. पैसे कुठं गेले हे तो बघतो. मोठी रोख काढली असेल, कुणाला यूपीआयवर 25 हजार पाठवले असतील, तर बाजूला लिहा, 'मुलीची शाळेची फी', 'आईचं ऑपरेशन, पावती जोडली'. विचारायच्या आधी लिहिलेलं खरं वाटतं, विचारल्यावर सांगितलेलं बनवलेलं वाटतं. आणि शिल्लक 40 हजार लपवू नका, दुसऱ्या खात्यात हलवू तर मुळीच नका, स्टेटमेंटवर ते हलवणंच दिसतं. तेच 40 हजार तुमची ऑफर पहिले तीन महिने उभी ठेवणार आहेत.

घरखर्चाचं एक पान तुम्ही आणि वहिनी बसून लिहा. किराणा 7 हजार, दूध 1,800, लाईट 1,200, गॅस 900, शाळा 2,500, आईची औषधं 1,500, पेट्रोल 1,500, मोबाईल 600, असं काहीतरी 17 हजारापर्यंत जाईल, आकडे तुमचे खरे टाका. लोक इथं दोन चुका करतात, एक तर खर्च एवढा कमी दाखवतात की चार माणसं 6 हजारात जगतायत असं वाटतं, नाहीतर एवढा फुगवतात की बँक म्हणते मग व्याज तरी कुठून भरणार. 16 हजार येतात, 17 जातात, हजाराची तूट आणि दोन्ही कर्जांचं व्याज मिळून 14,400 शिल्लक आणि ग्रॅच्युइटीतून भागवणार, हे सरळ लिहा. वर्कशॉपच्या 7 हजाराचं मालकाकडून दोन ओळींचं पत्र घ्या आणि पैसे ह्यापुढं रोख न घेता खात्यावर घ्या, वहिनींच्या ट्यूशनच्या फीचंही तसंच.

पूर्ण हप्ता कधीपासून, ह्याला पुरावा म्हणजे तुम्ही कुठं कुठं अर्ज केले, इंटरव्ह्यूचे मेल, एजन्सीकडं नाव नोंदवलं असेल तर त्याची पावती, आणि ग्रॅच्युइटीची मागणी केल्याची प्रत. 'लवकरच नोकरी मिळेल' असं लिहू नका, महिना लिहा. मिळाली नाही तर त्या महिन्यात परत जाऊन सांगता येतं.

अर्ज एका पानाचा. कर्जखाते नंबर, आजपर्यंत एकही हप्ता थकलेला नाही हे पहिल्याच वाक्यात, मग नोकरी गेल्याची तारीख, मग आकडे, मग मागणी: 'अमुक महिन्यापासून सहा महिने दरमहा फक्त व्याज रु. 12,000 भरण्याची परवानगी मिळावी व त्यानंतर उर्वरित रक्कम 180 महिन्यांत फेडण्याची मुभा मिळावी.' शेवटी जोडलेल्या कागदांची यादी. दोन प्रती न्या, एकीवर शाखेचा इनवर्ड शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, आणि तोच अर्ज शाखेच्या ईमेलवरही टाका. तोंडी 'बघतो' ह्याला काही किंमत नसते, पुढं तक्रार करायची वेळ आली तर ती तारीखच मोजली जाते: 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर जाता येतं. लोकपाल बँकेला पुनर्रचना करायला लावेलच असं नाही, पण अर्ज दाबून ठेवणं किंवा उत्तरच न देणं ह्यावर ते विचारतात.

उत्तर येईपर्यंत हप्ता बंद करायचा नाही. ऑटो डेबिट गुपचूप रद्द करू नका, खातं रिकामंही ठेवू नका, बाउन्सचे चार्ज दोन्हीकडून लागतात आणि चेक बाउन्ससारखाच ह्यालाही कायदा आहे. पहिला महिना जमत असेल तर पूर्णच भरा. नाहीच जमलं तर निदान 12,000 कर्जखात्यात जमा करा. सहसा आलेले पैसे सगळ्यात जुन्या थकबाकीला आधी जातात, त्यामुळं पहिल्या महिन्याचे उरलेले 7,137 दुसऱ्या महिन्याच्या 12,000 मधून फिटतात, तिसऱ्या महिन्यात दुसऱ्याचे बरेचसे, असं करत चार महिने तरी सगळ्यात जुनी थकबाकी 60 दिवसांच्या आत राहू शकते. दंड लागेल, रिपोर्टवर उशीर दिसेल, पण 90 चा आकडा लांब राहतो. काहीच न भरणाऱ्याला तो तिसऱ्या महिन्याच्या शेवटी गाठतो.

मंजुरी आली तर ती कागदावर घ्या, पुरवणी करार आणि हप्त्यांचं नवीन वेळापत्रक, ऑटो डेबिटची रक्कम बदलली का ते बघा, नाहीतर करार नवीन आणि कापले जातात जुने 19,137 असं झालेलं मी पाहिलंय. सही करायच्या आधी एक प्रश्न लेखी विचारा: हे क्रेडिट रिपोर्टवर काय म्हणून जाणार? आणि कुणी फोनवर 'सेटलमेंट करून टाका' म्हणालं तर लगेच हो म्हणू नका, ती कर्ज अर्धवट फेडून मिटवायची वेगळी गोष्ट आहे, तिचा डाग जास्त खोल असतो. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत, हेही घरी सगळ्यांना सांगून ठेवा.

पतसंस्थेचं प्रकरण लहान दिसतं पण मला तेच जास्त नाजूक वाटतं. तिथं रिझर्व्ह बँक नाही, सहकार खातं आहे, त्यामुळं लोकपालही नाही, तक्रार निबंधक कार्यालयात. थकलं तर सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळवून ते थेट वसुलीला लागतात, आणि जामीनदाराची जबाबदारी तुमच्याइतकीच असते, म्हणजे मेव्हण्याच्या पगारावर किंवा मित्राच्या दारात ते आधीही जाऊ शकतात. शिवाय हप्त्याच्या अटी जामीनदाराला न विचारता बदलल्या तर कायद्यानं त्याची जामीनकी सुटू शकते, म्हणून संस्था दोघांच्या संमतीच्या सह्या मागणारच. मग त्यांना संस्थेकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे. ह्याच रविवारी दोघांना घरी बोलवा, वरचा सगळा हिशोब दाखवा, आणि सांगा की सहा महिने 1,400 व्याज जाणार आहे, तुम्हाला एक रुपया भरावा लागू नये म्हणून सही हवीय. संचालक मंडळाची किंवा कर्ज समितीची मीटिंग बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदाच असते, तारीख विचारून अर्ज त्याच्या आठ दिवस आधी द्या, आणि बँकेला द्याल तेच आकडे इथंही द्या, दोन ठिकाणी दोन हिशोब नकोत.

बँकेत जाताना वहिनींना सोबत न्या. घर दोघांच्या नावावर असेल तर त्या सहकर्जदार असणार, करारावर सही त्यांचीही लागेल, आणि किराणा खरंच 7 हजाराचा होतो का हे समोरच्यानं विचारलं तर उत्तर त्याच देऊ शकतील. 5 तारखेच्या आधी जा.